समानता अहवाल स्वच्छ, तरी आकृती अडकली: शोधनिबंधांतल्या प्रतिमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्रातले प्रबंध आणि शोधनिबंध बाहेर जाण्याआधी त्यांतल्या आकृत्या तपासून देण्याचं काम मी गेली काही वर्षं करते आहे. पीएचडीचे विद्यार्थी आणि कधी कधी त्यांचे गाईडही तेच तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बहुतेक उदाहरणं जेल आणि ब्लॉटची आहेत, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

### माझा समानता अहवाल 6 टक्के आला आहे. म्हणजे आकृत्यांचं काम झालं ना?

नाही. त्या अहवालाने तुमच्या आकृत्या पाहिलेल्याच नाहीत.

तुम्ही पीडीएफ चढवता तेव्हा मजकूर जुळवणारी प्रणाली त्यातली अक्षरं बाहेर काढते. आकृतीखालची ओळ तिला वाचता येते. आकृतीतला ब्लॉट मात्र तिच्यासाठी एक रिकामी चौकट असतो. त्या चौकटीत तुम्ही आधीच्या लेखातला फोटो जसाच्या तसा लावलात तरी टक्केवारी 6 ची 7 होणार नाही. उलट, आकृतीखालची ओळ तुम्ही नव्याने लिहिली असेल तर तो भाग अहवालात अगदी निर्दोष दिसेल.

आपल्याकडे हा गैरसमज पक्का होण्याला एक कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या समानतेला दंड नाही. 10 ते 40, 40 ते 60 आणि 60 च्या वर अशा पुढच्या पायऱ्या आहेत. प्रबंध जमा करताना हाच आकडा विचारला जातो, त्यामुळे तो आकडा म्हणजेच प्रामाणिकपणाचा दाखला असं डोक्यात बसतं. तो आकडा फक्त शब्दांबद्दल बोलतो.

### मजकूर जुळवणं आणि प्रतिमा तपासणं यांत मूळ फरक काय?

मजकुराच्या तपासणीत प्रश्न असतो की हे शब्द आधी कुठे छापले आहेत का. प्रणाली तुमच्या वाक्यांचे लहान लहान सलग तुकडे करते आणि ते छापील लेख, वेबपानं, जुने प्रबंध यांच्या साठ्यात शोधते. शब्द हे ठरावीक चिन्हांचे बनलेले असतात. दोन ठिकाणचे सलग वीस शब्द एकसारखे आहेत की नाहीत यावर वाद होत नाही. योगायोगाने किती जुळू शकतं याचाही अंदाज असतो. आयोगाच्या नियमांत सलग 14 शब्दांपर्यंतची सामान्य जुळणी वगळायची सोय आहे ती त्यामुळेच.

प्रतिमेच्या तपासणीत प्रश्न वेगळा असतो: हा फोटो ज्या प्रयोगाचा म्हणून दाखवला आहे, त्याच प्रयोगाचा आहे का? आणि तो काढल्यापासून छापेपर्यंत त्यात काय बदललं? त्यासाठी जगभरच्या साठ्याशी तुलना करावीच लागते असंही नाही. मला सापडणाऱ्या बहुतेक अडचणी एकाच लेखाच्या आत असतात. आकृती 2 मधली पट्टी आकृती 5 मध्ये वेगळ्या नावाने आलेली असते. मजकुरात तेच वाक्य दोनदा आलं तर तो फार तर लेखनाचा दोष असतो. एकच फोटो दोन वेगळ्या प्रयोगांच्या नावाने आला, तर त्या दोनपैकी एका प्रयोगाचा पुरावाच लेखात नाही असा त्याचा अर्थ होतो.

शिवाय प्रतिमेला शब्दांसारखी ठरावीक चिन्हं नसतात. तोच फोटो उलटा केला, फिरवला, ताणला, थोडा गडद केला की त्यातल्या प्रत्येक पिक्सेलची किंमत बदलते. डोळ्याला तो तोच असतो, पण आकड्यांच्या पातळीवर सगळं वेगळं असतं.

### मग प्रतिमेसाठीही एखादी टक्केवारी का नाही? 10 टक्के चालेल, पुढे नाही, असं?

कारण तिथे प्रमाणाला अर्थ नाही. तुमच्या लेखात साठ चौकटी आहेत आणि त्यातली एकच चुकीची आहे असं समजा. टक्केवारीत ते दोनच्याही खाली येईल. पण तीच चौकट लेखाचा मुख्य दावा पेलत असेल, तर उरलेल्या एकोणसाठ बरोबर असूनही दावा पडतो. म्हणून प्रतिमांचा अहवाल टक्केवारीत देत नाहीत. ‘आकृती 2ब ची चौथी पट्टी आणि आकृती 5ड ची दुसरी पट्टी पाहा’ अशा नेमक्या जागा दाखवून देतात. पुढचं काम माणसाचं.

### एकाच लेखात दोन्ही प्रकारची चूक असेल तर जास्त गंभीर कोणती धरतात?

याचं उत्तर जपानच्या स्टॅप पेशींच्या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

जानेवारी 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये हारुको ओबोकाता आणि सहकाऱ्यांचे दोन लेख आले. ओबोकाता जपानच्या रिकेन या संस्थेत, कोबेच्या केंद्रात काम करत होत्या. दावा असा होता की उंदराच्या पिल्लाच्या प्लीहेतल्या प्रौढ पेशी थोडा वेळ सौम्य आम्लात ठेवल्या की त्या पुन्हा मूळपेशींसारख्या होतात. महिनाभराच्या आत वाचकांनी इंटरनेटवर आकृत्यांबद्दल शंका मांडायला सुरुवात केली. रिकेनने समिती नेमली आणि 1 एप्रिल 2014 रोजी तिचा अहवाल आला.

त्या अहवालात एक मुद्दा मजकुराचा होता. गुणसूत्रांच्या तपासणीची कृती सांगणारा एक परिच्छेद 2005 च्या दुसऱ्या एका लेखातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला होता आणि त्या लेखाचा उल्लेखही नव्हता. मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीने नेमकं हेच पकडलं असतं. समितीने ही गोष्ट अयोग्य म्हटली, पण गैरवर्तन ठरवली नाही.

गैरवर्तन ठरले ते दोन मुद्दे आणि दोन्ही प्रतिमांचे होते. पहिला होता एका जेलचा फोटो. प्रौढ टी पेशीत एका विशिष्ट जनुकाचे तुकडे कापून पुन्हा जोडलेले असतात आणि जेलवर ते वेगळ्या बँडच्या रूपात दिसतात. नव्या पेशींमध्ये ते बँड दिसले तरच त्या पेशी खरोखर प्रौढ पेशींपासून झाल्या असं म्हणता येणार होतं. म्हणजे अख्ख्या दाव्याचा खिळा त्या एका फोटोत होता. समितीला दिसलं की त्या फोटोतली तिसरी लेन दुसऱ्याच जेलमधून आणून मधे बसवली होती. दोन जेलचं माप जुळत नव्हतं, म्हणून एक फोटो उभा ताणला होता आणि लेनचा कॉन्ट्रास्ट बदलला होता. मापपट्टीच्या बँडशी पडताळल्यावर कळलं की ती लेन हिशेबाने बसवलेली नव्हती, नजरेच्या अंदाजाने बसवली होती.

दुसरा मुद्दा गाठींच्या ऊतींचे फोटो. लेखात ते आम्लात ठेवलेल्या प्लीहेच्या पेशींपासून वाढलेले म्हणून दिले होते. तेच फोटो ओबोकातांच्या पीएचडीच्या प्रबंधात होते आणि तिथे प्रयोग वेगळा होता: अस्थिमज्जेतल्या पेशी बारीक नळीतून ढकलून त्यांच्यावर ताण दिलेला. फोटो खरे होते, ऊती खऱ्या होत्या. फक्त लेखात लिहिलेल्या प्रयोगाच्या त्या नव्हत्या.

तिसरी एक गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या लेखातल्या दोन आकृत्यांत एकाच गर्भाचे फोटो वेगळ्या नावांनी आले होते. समितीने ती चूक मानली, गैरवर्तन नाही. म्हणजे तीन प्रतिमा आणि दोन वेगळे निष्कर्ष. नक्कल सापडणं हा फक्त पहिला टप्पा असतो. ती तिथे कशी आली हे नोंदवह्या आणि मूळ फाइली पाहून ठरतं.

दोन्ही लेख जुलै 2014 मध्ये मागे घेतले गेले.

### प्रतिमांतल्या अडचणींचे प्रकार कोणते?

एलिझाबेथ बिक, आर्तुरो कासादेव्हाल आणि फेरिक फँग यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतली विभागणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते. त्यांनी 40 नियतकालिकांतले 20,621 लेख पाहिले. पहिली पाहणी बिक यांनी नुसत्या डोळ्यांनी केली. 3.8 टक्के लेखांत अडचणीची आकृती सापडली.

पहिला प्रकार म्हणजे सरळ नक्कल. तोच फोटो, तीच चौकट, दोन ठिकाणी. दुसरा, जागा बदलून केलेली नक्कल: फोटो फिरवलेला, आरशासारखा उलटा केलेला, किंवा एकाच मोठ्या फोटोचे दोन तुकडे असे कापलेले की त्यांच्या कडा एकमेकींवर येतात. तिसरा, बदल करून केलेली नक्कल: एखादा बँड पुसलेला, एखादा चिकटवलेला, पेशींचा एक पुंजका त्याच फोटोत दोनदा उमटलेला.

पहिल्या प्रकारात साधी चूक होण्याची शक्यता बरीच असते. तिसऱ्यात ती फारच कमी, कारण कोणीतरी बसून हाताने काम केल्याशिवाय तसं होत नाही. दुसरा प्रकार मधला, आणि सगळ्यांत जास्त वाद तिथेच होतात.

### दोन बँड सारखे दिसतात म्हणून लगेच नक्कल कशी म्हणता? बँड सारखेच दिसणार ना?

रास्त प्रश्न आहे. बँड म्हणजे शेवटी एक काळी आडवी रेघ. नुसत्या बँडच्या आकारावरून मी कधीच निष्कर्ष काढत नाही. मी बँडच्या आजूबाजूला पाहते.

एक प्रसंग सांगते. एका विद्यार्थिनीचा लेख पाठवण्याआधी माझ्याकडे आला होता. आकृती 2 मध्ये अ‍ॅक्टिनची सहा लेनची पट्टी होती. अ‍ॅक्टिन हे प्रथिन जवळजवळ सगळ्या पेशींत सारख्या प्रमाणात असतं, म्हणून प्रत्येक लेनमध्ये सारखाच माल भरला होता हे दाखवायला ते वापरतात. आकृती 5 मध्येही अ‍ॅक्टिनची सहा लेनची पट्टी होती, पण पेशी वेगळ्या आणि औषध वेगळं.

आकृती 2 मध्ये तिसऱ्या बँडला डाव्या टोकाला खाली वळलेली बारीक शेपटी होती. चौथ्या आणि पाचव्या लेनच्या मधे, बँडच्या थोडं खाली, मोहरीपेक्षा लहान काळा ठिपका होता. आकृती 5 मध्ये शेपटी चौथ्या बँडला होती, उजव्या टोकाला. ठिपका दुसऱ्या आणि तिसऱ्या लेनच्या मधे होता. सहा लेनची पट्टी आरशात पाहिली की तिसरी लेन चौथी होते आणि चौथ्या-पाचव्यामधली फट दुसऱ्या-तिसऱ्यामधली होते. शेपटीची दिशाही उलटते. तिन्ही खुणा जुळत होत्या.

बँडचा आकार प्रयोगातून येतो, म्हणून तो पुन्हा तसाच येऊ शकतो. ठिपका मात्र धुळीचा असतो, किंवा अँटिबॉडीची गुठळी मेंब्रेनवर बसलेली असते. ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मेंब्रेनवर त्याच जागी, त्याच आकारात बसणार नाही. अशी एक खूण जुळली तर मी थांबून पाहते. दोन-तीन खुणा एकमेकींपासून त्याच अंतरावर जुळल्या की योगायोगाला जागा राहत नाही.

मग मी फिजी हे मोफत सॉफ्टवेअर उघडून दोन्ही पट्ट्या एकाच मापाच्या केल्या, एक उलटी केली आणि एकीतून दुसरी वजा केली:

```
selectImage("fig5.tif");
run("Flip Horizontally");
imageCalculator("Difference create", "fig2.tif", "fig5.tif");
run("Enhance Contrast", "saturated=0.35");
```

वेगळ्या ब्लॉटची अशी वजाबाकी केली की बँडचे जाड ठसे शिल्लक राहतात. इथे फक्त कडांच्या फिकट रेषा उरल्या. पूर्ण काळं चित्र आलं नाही, आणि येणारही नव्हतं. त्याचं कारण पुढे कळलं.

ती मुलगी घाबरून गेली होती. आम्ही दोघींनी तिची नोंदवही घेऊन बसायचं ठरवलं. त्यांच्या प्रयोगशाळेत ब्लॉटचे ठसे तेव्हा एक्स-रे फिल्मवर घेत. आकृती 2 ची फिल्म दोनदा स्कॅन झाली होती, आणि दुसऱ्यांदा ती काचेवर पालथी पडली होती. फिल्म पारदर्शक असल्याने आरशातली प्रतिमा तयार झाली. त्या दुसऱ्या फाइलला नाव दिलं होतं `actin_final2.tif`, आणि दोन महिन्यांनी आकृती 5 जुळवताना तीच उचलली गेली. दोन स्कॅन वेगळे, म्हणून वजाबाकीत कडा उरल्या. खरी फिल्म पाकिटात होती, तारीख आणि लेनची यादी तिच्यावर पेनाने लिहिलेली होती. ती स्कॅन केली, आकृती बदलली, निष्कर्ष तोच राहिला.

लेख छापून आल्यावर हेच कोणी बाहेरून दाखवलं असतं तर उलटी पट्टी पाहून कोणालाही हेतूचा संशय आला असता. त्या पाकिटावरच्या पेनाच्या अक्षरांनी तिला वाचवलं.

### सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप नाही का करत?

करतं, आणि आता अनेक प्रकाशक ते वापरतात. ‘सायन्स’च्या सहाही नियतकालिकांनी 2024 च्या सुरुवातीला प्रूफिग वापरणार असल्याचं जाहीर केलं. इमेजट्विन हेही बरंच वापरात आहे.

ढोबळमानाने काम असं चालतं. आधी आकृतीतल्या चौकटी वेगळ्या काढतात. मग प्रत्येक चौकटीत ठळक बिंदू शोधतात: कोपरे, ठिपके, कडा तुटतात त्या जागा. प्रत्येक बिंदूच्या आसपासचा भाग आकड्यांत असा नोंदवतात की फोटो फिरवला किंवा लहानमोठा केला तरी नोंद फारशी बदलू नये. नंतर दोन चौकटींतले बिंदू जुळतात का, आणि ते सगळे मिळून एकाच वळणाने किंवा एकाच ताणाने जुळतात का, हे पाहतात. सुटे बिंदू जुळून काही सिद्ध होत नाही. त्यांची मांडणी जुळावी लागते.

कामाचा व्याप बघा. साठ चौकटी असतील तर जोड्या होतात 1,770. प्रत्येक जोडी चार वळणांत आणि त्यांच्या आरशातल्या रूपांत पाहायची म्हटलं तर 14,160 तुलना, त्याही एकाच लेखाच्या आत. माणसाचा डोळा इथे थकतो, म्हणून यंत्राची मदत हवीच.

पण ब्लॉटच्या बाबतीत यंत्र अडखळतं. पेशींच्या फोटोत शेकडो ठळक बिंदू असतात. कापलेल्या ब्लॉटच्या पट्टीत सहा काळ्या रेघा आणि राखाडी पार्श्वभूमी, एवढंच. बिंदू कमी, म्हणून यंत्र एक तर नक्कल चुकवतं, नाही तर साध्या सारखेपणाला नक्कल म्हणतं. शिवाय त्याला संदर्भ कळत नाही. एकाच मेंब्रेनवरचा अ‍ॅक्टिन दोन आकृत्यांत मुद्दाम आणि सांगून दाखवला असेल, तरी ते लाल चौकट काढणारच. एकच क्षेत्र आधी निळ्या, मग हिरव्या रंगात, मग दोन्ही एकत्र दाखवलं, तरीही.

आणि उलट बाजूने, प्रत्येक चौकटीत वेगळा पण चुकीचा फोटो असेल, म्हणजे नक्कल नाही पण प्रयोगही तो नाही, तर कोणतंच यंत्र ते पकडू शकत नाही. स्टॅपच्या ऊतींचे फोटो सापडले कारण ते प्रबंधात छापलेले होते. ते फक्त ओबोकातांच्या संगणकात असते तर बाहेरून कोणालाही कळलं नसतं.

### ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट बदलला तर तो फेरफार होतो का?

संपूर्ण फोटोला सारखाच, थोडा बदल केला तर नाही. फोटोच्या एका भागालाच केला तर हो.

‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने 2002 पासून स्वीकारलेल्या प्रत्येक लेखाच्या आकृत्या तपासायला सुरुवात केली, तिथल्या माइक रॉसनर यांच्या पुढाकाराने. त्यांनी आणि केनेथ यामादा यांनी 2004 मध्ये मांडलेले नियम आज बहुतेक नियतकालिकं थोड्याफार फरकाने पाळतात. फोटोतली एखादीच गोष्ट ठळक करायची नाही, झाकायची नाही, हलवायची नाही, काढायची नाही, घालायची नाही. गॅमासारखे सरळ प्रमाणात नसलेले बदल केले तर आकृतीखाली सांगायचं. रॉसनर यांची पद्धत तेव्हा साधीच होती. फोटो उघडायचा आणि ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट टोकाला नेऊन लपलेल्या कडा दिसतात का ते पाहायचं. एवढ्या तपासणीत सुमारे एक चतुर्थांश लेखांना किमान एक आकृती पुन्हा करून द्यावी लागली. निष्कर्षावरच परिणाम करणारा फेरफार सुमारे 1 टक्का लेखांत निघाला.

मला रोज दिसणारी गोष्ट म्हणजे पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करणं. ‘स्वच्छ दिसतं’ म्हणून कॉन्ट्रास्ट इतका वाढवतात की बँडभोवती काहीच उरत नाही. त्या पांढऱ्यात फिकट बँडही जातात, आणि हा ब्लॉट खरा आहे हे दाखवणारे धुळीचे ठिपकेही जातात. राखाडी, थोडी मळकट पार्श्वभूमी ठेवा. ती तुमच्या बाजूची साक्षीदार आहे.

### लेन कापून शेजारी आणता येतात का? मधल्या तीन लेन माझ्या लेखाच्या कामाच्या नाहीत.

आणता येतात, एकाच जेलच्या आणि एकाच एक्स्पोजरच्या असतील तर. जिथे कापलं तिथे स्पष्ट उभी रेघ किंवा मोकळी फट ठेवा आणि आकृतीखाली लिहा. वेगळ्या जेलच्या लेन शेजारी लावून त्यांच्या गडदपणाची तुलना मात्र करू नका. एक्स्पोजर वेगळं असेल तर त्या तुलनेला अर्थच राहत नाही.

कापल्याची रेघ नसेल तर जोड ओळखणं अवघड नसतं. फोटो उघडून कॉन्ट्रास्ट वाढवला की दोन लेनच्या मधे पार्श्वभूमीचा रंग एका उभ्या, सरळ रेषेवर अचानक बदलतो. खऱ्या जेलमध्ये तो हळूहळू बदलतो.

### दोन तज्ज्ञांचं मत वेगळं आलं तर?

येतं, आणि आपल्या जवळच त्याचं उदाहरण आहे. पुण्यातल्या एका राष्ट्रीय संस्थेतल्या प्रयोगशाळेचा 2005 चा लेख अमेरिकेतल्या नियतकालिकाने 2007 मध्ये मागे घेतला. आक्षेप असा होता की त्यातले काही ब्लॉट त्याच गटाच्या आधीच्या लेखातले आहेत. त्यानंतर इकडे नेमलेल्या तज्ज्ञ समितीने गैरवर्तन झालं नसल्याचा निष्कर्ष दिला. पुढे एका राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मात्र संबंधितांवर काही वर्षांची बंदी घातली. त्याच पट्ट्या, आणि निवाडे एकमेकांच्या विरुद्ध.

कापलेल्या, छापलेल्या पट्ट्यांवरून चालणारा वाद असाच लांबतो. वाद थोडक्यात मिटवायचा तर न कापलेला पूर्ण ब्लॉट, त्याची मूळ फाइल आणि नोंदवहीतलं पान समोर लागतं. अनेक नियतकालिकं आता न कापलेले ब्लॉट लेखासोबतच मागतात, ते त्यासाठीच.

### मूळ फाइल म्हणजे नेमकी कोणती? माझ्याकडे जेपीईजी आहे.

यंत्राने पहिल्यांदा जी फाइल लिहिली ती. इमेजर आणि मायक्रोस्कोप आपापल्या प्रकारची फाइल देतात, उदाहरणार्थ `.scn`, `.czi`, `.lif`. त्यात तारीख, एक्स्पोजर, वाढवणूक या नोंदीही असतात. ती फाइल उघडायची, पण तिच्यावर कधीच सेव्ह करायचं नाही. कामासाठी `.tif` वेगळी काढायची.

जेपीईजी फोटोचे 8×8 पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील टाकून देते. आधी सांगितलेले ठिपके, शेपट्या त्यात विरघळतात, आणि नसलेल्या चौकोनी कडा उमटतात. त्या कडांमुळे प्रामाणिक ब्लॉटही जोडल्यासारखा दिसू शकतो. मोबाइलवर काढून व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला जेलचा फोटो तर कृपया आकृतीत घेऊ नका. तो वाटेतच आणखी दाबला गेलेला असतो.

### पाठवण्याआधी मी स्वतः काय तपासू शकते?

लेखातल्या सगळ्या चौकटी एका मोठ्या पानावर शेजारी शेजारी लावा, नावं काढून टाकून. नाव दिसलं की आपण फोटो बघत नाही, नाव वाचतो. आधी सगळे अ‍ॅक्टिन आणि इतर कंट्रोल एकत्र ठेवा, कारण पुनरावृत्ती सर्वांत जास्त तिथे होते. मग ते पान उलटं करून पुन्हा पाहा. शेवटी प्रत्येक चौकटीसमोर मूळ फाइलचं नाव आणि नोंदवहीचं पान लिहा. जिथे लिहिता येणार नाही, ती चौकट थांबवा.

हे काम ज्याने आकृती बनवली त्याने एकट्याने करू नये. त्याच फोटोंकडे महिनाभर बघून त्याला ते दिसेनासे झालेले असतात. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कोणाला तासभर बसवा.

### लेख छापून झाला आहे आणि आता माझ्याच आकृतीत चूक दिसली. काय करू?

गाईडना आणि सहलेखकांना त्याच दिवशी सांगा, आणि कोणी विचारण्याआधी संपादकांना लिहा. पत्रात तीन गोष्टी असू द्या: कोणती चौकट चुकली, बरोबर फोटो कोणता (मूळ फाइलसह), आणि चूक कशी झाली. निष्कर्ष बदलत नसेल तर सहसा दुरुस्ती छापली जाते.

बरोबर फोटो सापडत नसेल तर प्रयोग पुन्हा करून त्याचा फोटो जुन्याच्या जागी गुपचूप देऊ नका. नवा प्रयोग केला असेल तर तो नवा आहे, अमुक तारखेचा आहे, असं पत्रात लिहा. तो घ्यायचा की लेख मागे घ्यायचा हे संपादकांना ठरवू द्या.